चारशे शब्दांना एक 'ठीक आहे.'

जुलैमधली मंगळवारची रात्र होती. आईला तिसऱ्यांदा बाथरूमपर्यंत नेऊन आणलं, पांघरूण घातलं, मच्छरदाणीची कडा गादीखाली खोचली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी दादाला मेसेज लिहायला घेतला. दादा पुण्यात असतो. मी इंदूरला, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात, आईजवळ. रात्रीची बाई काम सोडून गेली त्याला तेव्हा पंचवीस दिवस झाले होते. मला सकाळी सातला शाळेत पोचायचं असतं.

मी सगळं लिहिलं. झोप किती तुकड्यातुकड्यांत मिळते ते लिहिलं. रविवारी मी आईवर ओरडले आणि ती माझ्याकडे बघत "चुकलं गं माझं" म्हणाली, तेही लिहिलं. ते लिहिताना मी रडत होते. चारशेच्या वर शब्द झाले असतील. ११ वाजून ३८ मिनिटांनी पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग वर 'टाइप करत आहे' असं दिसायला लागलं, बंद झालं, पुन्हा दिसलं, पुन्हा बंद झालं. ११ वाजून ५२ मिनिटांनी उत्तर आलं.

"ठीक आहे."

ती रात्र कशी गेली हे ज्यांना असं उत्तर आलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी ते दोन शब्द इतक्या वेळा वाचले की त्यांचा अर्थच नाहीसा झाला. शेवटचा पूर्णविराम तर दार लावून घेतल्यासारखा वाटत होता. पहाटेपर्यंत माझ्या मनात दादाविरुद्धचा सगळा खटला उभा राहिला, साक्षीपुराव्यांसकट, अगदी १९९४ पासूनचा.

आज त्या 'ठीक आहे'बद्दल लिहितेय, कारण त्यानंतरच्या महिनाभरात मला कळलं की मी ते चुकीचं वाचलं होतं. आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका माणसाचं 'ओके' मी बरोबर वाचलं होतं, पण ते मला मान्य करायचं नव्हतं. दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच.

आधी आपल्या भाषेचंच बघा. मराठीत 'बरं' हा शब्द तोंडाने बोलला तर त्याचे किती अर्थ होतात! 'बरंऽऽ' म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. 'बरं?' म्हणजे मग काय झालं. 'बरं बरं' म्हणजे पुरे आता. तुटक 'बरं' म्हणजे पटलेलं नाही, पण वाद घालायचा नाही. आमच्या इंदुरात तर 'हओ' आहेच. दूधवाला, रिक्षावाला, शेजारच्या काकू, सगळे 'हओ' म्हणतात आणि त्या लांबवलेल्या 'ओ'वरून माणूस राजी आहे की टाळतोय हे लहान पोरालासुद्धा कळतं. फोनच्या पडद्यावर हा हेल उरत नाही. उरतात ती नुसती अक्षरं, आणि हेल आपण आपल्या मनातला लावतो. रात्री बारा वाजता, थकलेल्या आणि दुखावलेल्या माणसाच्या मनात जो हेल असतो, तो.

पूर्णविरामाबद्दल मला माझ्या मुलीने सांगितलं. ती बंगळुरूला असते. एकदा मी तिला "हो." असं पाठवलं तर तिचा लगेच फोन, "आई, काय झालं? रागावलीस का?" मी म्हटलं, अगं, वाक्य संपलं की पूर्णविराम देतात, मी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलंय. ती म्हणाली, "मेसेजमध्ये नाही देत गं. तिथे तो रागाचा असतो." आणि हे नुसतं तरुण पोरांचं खूळ नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात यावर अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. त्यांत एखाद्या निमंत्रणाला इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर होतं, कधी पूर्णविरामासह, कधी पूर्णविरामाशिवाय. मोबाइलच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही.

म्हणजे पूर्णविरामाला अर्थ आहे, पण ज्या माणसांनी तसा अर्थ धरायचं ठरवलंय त्यांच्यापुरताच. ते सगळे कॉलेजातले विद्यार्थी होते. माझा दादा अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि शुद्धलेखनाच्या एकेका चुकीला छडी खात शिकलेला आहे. तो दूधवाल्यालासुद्धा 'उद्या अर्धा लिटर.' असं पूर्णविराम देऊन पाठवतो. मुलीच्या वयाच्या माणसाकडून तो ठिपका आला तर मी थबकेन. दादाच्या ठिपक्यातून काहीही काढता येत नाही. हे मला माहीत होतं, तरी त्या रात्री तो ठिपका मला टोचला.

मला वाटतं, मुख्य गोष्ट इथेच आहे. एका शब्दाचं उत्तर किती छोटं आहे ते बघून काही कळत नाही. त्या माणसाच्या नेहमीच्या उत्तरांशेजारी ते ठेवून बघावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून दादाचे जुने मेसेज वर वर सरकवत वाचले. 'बरं.' 'पोचलो.' 'पैसे टाकले.' 'हो.' माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा 'उत्तम.' बाबा गेले तेव्हा मी त्याला कितीतरी वाक्यं लिहिली होती, आणि त्याचं उत्तर होतं, 'निघतोय.' मग तो रात्रभर गाडी चालवून सहाशे किलोमीटर आला होता आणि दारात उभा राहून त्याला बोलता येत नव्हतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं, आणि मी त्याच्याकडून परिच्छेदाची अपेक्षा करत होते.

दुसरी गोष्ट मला अजून जास्त लागली, कारण ती माझ्या मेसेजबद्दलची होती. मी तो पुन्हा वाचला. फक्त शेवट वाचला. शेवटी मी लिहिलं होतं, "तुझ्याकडून काही नकोय. बोलावंसं वाटलं म्हणून लिहिलं. काळजी करू नकोस. झोप आता."

आता सांगा, 'झोप आता'ला काय उत्तर असतं?

संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणारे हार्वी सॅक्स नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. १९७५ साली अगदी अकाली गेले. माणसं एकमेकांशी बोलतात त्याच्या टेप लावून, एकेका 'हं'पाशी थांबून ते आणि त्यांचे सहकारी ऐकायचे. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट अशी, की एका दमात दोन प्रश्न विचारले तर ऐकणारा बहुधा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. उत्तर हे जवळच्या वाक्याला चिकटतं. समोरासमोरच्या बोलण्यात यामुळे काही अडत नाही, कारण मागचं राहिलेलं आपण पुन्हा काढू शकतो. लांब मेसेजमध्ये मात्र वरची साडेतीनशे शब्दांची तडफड वर राहते आणि उत्तर खालच्या चार शब्दांना येतं. दादाने माझ्या 'काळजी करू नकोस'ला 'ठीक आहे' म्हटलं होतं. माझ्या दुःखाला त्याने 'ठीक आहे' म्हटलेलं नव्हतं.

आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, मन मोकळं करायचं आणि शेवटी स्वतःच त्यावर झाकण ठेवायचं ही सवय फार आहे. 'काही नाही रे, सहज.' 'तू तुझं बघ.' 'होईल सगळं नीट.' आपल्याला वाटतं समोरचा झाकण उचलून आत बघेल. काही माणसं बघतात. पण जी माणसं शब्दाला शब्द मानतात, ती झाकण ठेवलंय म्हणजे आत बघायचं नाही असं समजतात, आणि त्यांच्या बाजूने तो आदरच असतो.

शिवाय लिहिणाऱ्याला आपलं म्हणणं किती स्पष्ट पोचलंय याचा अंदाजच चुकतो. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग यावरच आहेत. एकाने ईमेल लिहायची, त्यातलं काही मनापासून, काही उपरोधाने, आणि वाचणाऱ्याने कोणतं कसं आहे ते ओळखायचं. लिहिणाऱ्यांना वाटलं, शंभरातली अठ्ठ्याहत्तर तरी बरोबर ओळखली जातील. प्रत्यक्षात छप्पन ओळखली गेली. नाणं उडवूनही पन्नास आली असती. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज घुमत असतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो कागदावरही उतरला. मी स्टुलावर बसून रडत लिहिलं, पण रडणं काही मेसेजबरोबर गेलं नाही. पुण्याला पोचलं ते एक नीट, शुद्ध, परिच्छेद पाडलेलं निवेदन, ज्याच्या शेवटी 'काही नकोय' होतं.

आणि त्या चौदा मिनिटांकडे तर मी लक्षच दिलं नव्हतं. चारशे शब्द वाचायला दोनेक मिनिटं लागतात. उत्तर वीस सेकंदांत आलं असतं तर मी म्हणाले असते की वाचलंच नाही. लांब मेसेज फोनवर पूर्ण दिसत नाही, पुढचा भाग उघडावा लागतो. रांगेत उभा असलेला किंवा लग्नघरातला माणूस वरच्या ओळी बघून 'ओके' टाकतो, रात्री वाचू म्हणतो आणि विसरतो. ते 'ओके' म्हणजे नुसती पोच असते. पण चौदा मिनिटं, मध्ये दोनदा टाइप करणं, आणि मग दोन शब्द, याचा अर्थ बहुधा लिहिलं आणि पुसलं असा होतो. बहुधाच. कुणी मध्येच उठून दाराला कडी लावायलाही गेलेलं असू शकतं, म्हणून एकट्या वेळेवरून निकाल देऊ नये.

दादाच्या बाबतीत मला खरं काय ते वहिनीकडून कळलं. गुरुवारी तिचा फोन आला तो भलत्याच कामासाठी, आणि बोलता बोलता म्हणाली, "अगं, तुझा मेसेज यांनी मला दोनदा वाचून दाखवला. मग बाल्कनीत जाऊन बसले. मी म्हटलं लिहा काहीतरी, तर म्हणाले, काय लिहू, ती म्हणतेय काही नकोय."

आता त्या दुसऱ्या 'ओके'बद्दल.

माझी एक मैत्रीण आहे, बडोद्याला असते. बावीस वर्षांची मैत्री. तिच्या सासरचे लोक तिथल्या जुन्या मराठी वस्तीतले, म्हणून आमच्या गप्पांत इंदूरची सेव चांगली की बडोद्याचा लिलो चिवडा, हा वाद कायम. ती बोलकी, आणि लिहितानाही तशीच. साध्या 'जेवलीस का'ला तिचे चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप यायचे, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नाही. कारणही धड सांगितलं नाही. मी बरेच दिवस गप्प राहिले आणि मग ऑगस्टमध्ये तिला मोठा मेसेज लिहिला. भांडण नव्हतं त्यात. मला वाईट वाटलं, तुझी वाट बघितली, माझं काही चुकलं असेल तर सांग, असं स्पष्ट विचारलं होतं. या वेळी शेवटी झाकण ठेवलं नव्हतं. शेवटचं वाक्यच प्रश्न होतं.

उत्तर आलं, "ओके."

इथे मी दादाचा अनुभव लावायला गेले. म्हटलं, कामात असेल, तिच्या मनात वेगळंच असेल. पण जुने मेसेज वर सरकवले तेव्हा तसं वाटेना. दादा कायम एका शब्दाचा होता. ही कधीच नव्हती. गेल्या तीन महिन्यांत आमचं प्रत्येक बोलणं मीच सुरू केलेलं होतं. तिची उत्तरं 'छान', 'अच्छा', नुसता अंगठा. आणि सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे त्या तीन महिन्यांत तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. माझ्या आईबद्दलसुद्धा नाही, जिला ती मावशी म्हणते. ज्याला बोलणं पुढे न्यायचं असतं तो माणूस थोडं लिहिलं तरी काहीतरी विचारतो. 'हं, मग?' हासुद्धा प्रश्नच असतो. जिथे प्रश्न संपतात तिथे माणूस मागे सरकलेला असतो. 'माझं काय चुकलं'ला 'ओके' हे उत्तरच होत नाही, ते उत्तर न देणं असतं. तिने मला त्या 'ओके'ने दूर केलं नव्हतं, ती आधीच गेली होती. माझा मोठा मेसेज तिच्या पाठीवर जाऊन पोचला.

का, ते मला आजही माहीत नाही. मी एकदा फोन केला, तिने घेतला, हवापाण्याचं बोलली आणि ठेवला. यापुढे मी विचारणार नाही.

कारण असं उत्तर आल्यावर हात पहिल्यांदा जातो तो 'बस, एवढंच?' लिहायला. मीही ते दोन्ही वेळा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा पुसलं. नवरा-बायकोच्या भांडणांवर अँड्र्यू ख्रिस्टनसेन या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. त्यात हे चक्र नीट मांडलेलं आहे. एकजण बोल बोल म्हणून मागे लागतो, दुसरा आक्रसतो, तो आक्रसला म्हणून पहिला अजून मागे लागतो. 'बस, एवढंच?'मुळे दादाचं उत्तर मोठं झालं नसतं. बहुतेक 'म्हणजे?' आलं असतं, आणि मग मी तुटले असते.

एक अपवाद मात्र सांगते, कारण तो सगळ्यात जास्त हातून निसटतो. बोलकं माणूस फक्त आपल्याशीच नाही, तर सगळ्यांशीच 'ठीक', 'हो', 'बरा आहे'वर आलं असेल, तर तिथे आपला रुसवा बाजूला ठेवावा. आमच्या शेजारच्या घरचा हॉस्टेलला असलेला मुलगा असाच सगळ्यांना 'ठीक' लिहायला लागला होता. त्याच्या आईला वाटत होतं, शिंगं फुटली. त्याच्या बहिणीने आणि मामाने आपापल्या फोनमधली उत्तरं शेजारी ठेवून पाहिली आणि सारखीच निघाली, तेव्हा मामा दुसऱ्याच दिवशी गाडीत बसला. पोरगं तीन आठवडे वर्गातच गेलं नव्हतं. अशा वेळी मेसेजला मेसेज पुरत नाही, जावं लागतं.

तर दादा. वहिनीच्या फोननंतर मी त्याला पुन्हा लिहिलं, या वेळी तीनच ओळी. 'मला एकटीला जमत नाहीये. महिन्यातला एक आठवडा तू येऊन आईजवळ राहशील का?' मला वाटलं होतं आता तरी सरळ उत्तर येईल.

"पाहतो." आलं.

आणि हे मला 'ठीक आहे'पेक्षा जास्त लागलं, कारण हे मी बरोबर वाचत होते. आपल्याकडे 'पाहतो' म्हणजे काय हे वर्गणी मागायला गेलेल्या गणेशमंडळाच्या पोरांना विचारा. दादा माझ्या दुःखाबद्दल बेफिकीर नव्हता. पण आठवडाभर आईला उठवणं, न्हाऊ घालणं, तिचं ते सारखं सारखं विचारणं ऐकणं, याला तो घाबरत होता. बाल्कनीत जाऊन बसणारा माणूस आणि 'पाहतो' लिहिणारा माणूस एकच होता, आणि मला दोघांशीही बोलायचं होतं. मी रागावले, हे खरं. दोन दिवस काही लिहिलं नाही.

मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईजवळ पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. फोडता फोडता फोन उचलला आणि लिहिलं, '१२ तारखेचं तुझं पुणे-इंदूर गाडीचं तिकीट काढू का? पहिल्या वेळी मी रजा घेऊन बरोबर राहीन, सगळं दाखवीन.'

फोन गादीवर ठेवला. शेंगा फोडत राहिले. पाच-सात मिनिटांनी वाजला.

"काढ."

आईने मान वर करून विचारलं, "कोण, दादा? काय म्हणतोय?"

"काढ म्हणतोय."

"मग काढ की," आई म्हणाली आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली.